थाळीला हवे मोकळे आकाश

उपग्रह इंटरनेटची चौकशी करताना बहुतेक जण आधी वेग विचारतात. आमच्या मते आधी दोन गोष्टी पाहाव्यात: उपग्रह किती उंचीवर आहे आणि आपल्या छतावरून आकाश किती दिसते.

जुन्या पद्धतीचा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवर एकाच जागी स्थिर दिसतो. आपली मागणी वर जाऊन खाली येते, उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते. लहरी प्रकाशाच्या वेगाने धावल्या तरी यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. वेगाचा आकडा चांगला असला तरी व्हिडिओ कॉलवर दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, ते या विलंबामुळे. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात. तिथे विलंब साधारण 25 ते 60 मिलिसेकंद असतो. त्यामुळे दुबईतल्या मुलाशी अम्मीला नीट बोलता येते.

मात्र या जवळिकीची किंमत द्यावी लागते. टीव्हीची छत्री एकाच दिशेला रोखून भागते. इथे उपग्रह काही मिनिटांत माथ्यावरून निघून जातो आणि थाळी सतत पुढचा उपग्रह धरते. म्हणून तिला क्षितिजापासून साधारण 25 अंशांच्या वरचे आकाश मोकळे लागते.

कोकणातले घर घ्या. छतावरची थाळी 4 मीटर उंचीवर आणि माड 16 मीटरचा. माड थाळीपेक्षा 12 मीटर उंच, म्हणजे तो सुमारे 25 मीटर दूर हवा. सोपा हिशेब असा, की झाड थाळीपेक्षा जितके उंच, त्याच्या दुपटीहून थोडे जास्त अंतर ठेवावे. माड 10 मीटरवरच असेल, तर उपग्रह त्याच्या झावळ्यांआड गेला की कॉल काही सेकंद गोठतो. वेग मोजला तर मात्र सगळे ठीक दिसते, कारण मोजणीच्या वेळी उपग्रह मोकळ्या आकाशात असतो.

पावसाचे वेगळे आहे. या लहरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. दाट सरीतले थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. रिमझिम पावसात फारसा फरक पडत नाही, पण आषाढातल्या मुसळधार सरीत वेग घसरतो, कधी संपर्कच तुटतो, आणि सर ओसरली की परत येतो.

म्हणून तक्रार करण्याआधी वेळ नोंदवावी. कोरड्या दिवशीही काही सेकंदांचे तुटणे वारंवार होत असेल, तर झाड किंवा भिंत आड येते. फक्त जोरदार सरीत तुटत असेल, तर पाऊस. रोज रात्रीच मंदावत असेल, तर त्या भागातले बरेच जण एकच उपग्रह वाटून वापरत आहेत.

पाऊस आणि गर्दी आपल्या हाती नाही. थाळीची जागा मात्र आहे. स्टारलिंकच्या अॅपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे फिरवून अडथळे तपासता येतात. ही तपासणी छताला भोक पाडण्याआधी करावी.