म्हैसूरांतील म्हैस

एका शब्दाच्या पोटांत दडलेला दुसरा शब्द हुडकून काढण्याचा खेळ मुलांना फार आवडतो, आणि तो आवडावा असाच आहे. दुकानांत कान सांपडतो, सामानांत मान सांपडते, उदाहरणांत हरण उभें असतें. शब्द रोजच्या वापरांतला असतो. त्याच्याकडे इतकें निरखून आपण पूर्वीं कधीं पाहिलेलें नसतें, एवढेंच. पण हा खेळ सध्यां ज्या रीतीनें मुलांपुढें मांडला जात आहे, ती रीत मराठी अक्षराची हेळसांड करणारी आहे. ज्यांना तो नुसता खेळ वाटतो त्यांना राग आला तरी हें स्पष्ट सांगणें प्रस्तुत लेखकास अवश्य वाटतें.

निमित्त लहानसेंच घडलें. छत्रपती संभाजीनगरांतील आमच्या वसाहतींत गणेशोत्सवांत मुलांची एक स्पर्धा झाली. वीस शब्दांचा छापील कागद वाटला होता आणि वर सूचना होती : “प्रत्येक शब्दांत एक प्राणी किंवा शरीराचा एक अवयव दडला आहे, तो शोधा.” परीक्षक म्हणून प्रस्तुत लेखकास बसविलें होतें. नववींतील एका मुलीनें तीन शब्दांपुढें ‘कांहीं नाहीं’ असें लिहिलें. ते शब्द म्हैसूर, गालिचा आणि दातार. छापील उत्तरें म्हैस, गाल आणि दात अशीं होतीं. तिचे तीन गुण गेले. ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, “सर, आपल्या खुलताबादजवळच्या म्हैसमाळांत म्हैस आहे, ती मला दिसते. म्हैसूरांत ती कुठें आहे?” कागद तयार करणारे गृहस्थ जवळच होते. ते हंसून म्हणाले, “अगं, खेळच तो! त्यांत इतकी चिकित्सा कशाला?”

त्या मुलीचा प्रश्न खरा होता, आणि गृहस्थांचें हंसणें हें त्याचें उत्तर नव्हे. म्हैस या शब्दांत दोन अक्षरें : म्है आणि स. म्हैसमाळांत म्है, स, मा, ळ अशीं चार. पहिलीं दोन उचललीं कीं म्हैस हातीं येते. म्हैसूरांत म्है, सू, र अशीं तीन अक्षरें आहेत. त्यांत ‘स’ हें अक्षर नाहीं, ‘सू’ आहे. त्याच न्यायानें गालिचांत ‘लि’ आहे, ‘ल’ नाहीं. दातारांत ‘ता’ आहे, ‘त’ नाहीं. वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यांत ‘सू’ एकाच चौकोनांत लिहावा लागतो, हें तर लहान मूलहि जाणतें. मग त्या एका चौकोनाचा अर्धा भाग फाडून म्हैस बाहेर कशी काढावयाची?

यावर कोणी व्याकरणाचा आधार घेईल : अक्षर सोडा, वर्ण मोजा. ठीक आहे, वर्ण मोजूं. म्हैस या शब्दाच्या शेवटीं स् नंतर अ हा स्वर आहे. म्हैसूरांत स् नंतर ऊ आहे. म्हणजे वर्णांच्या हिशेबानेंहि म्हैस अपुरीच राहते. वर्णांचा खेळ खेळावयाचा तर तो मोरोपंतांसारखा खेळावा. त्यांनीं निरोष्ठ रामायण रचलें, त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करण्याचा नियम स्वतःस घालून घेतला आणि मग कवितेचा भार त्या नियमावर तोलला. नियम आधीं, चातुर्य मागून, असा तो क्रम आहे.

मग ही म्हैस आली कोठून? चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. गृहस्थांनीं शब्दांची यादी संगणकावर शोधून काढली होती. संगणकांत ‘सू’ हें अक्षर दोन खुणांनीं सांठविलेलें असतें. एक ‘स’ची आणि तिच्यामागून दुसरी दीर्घ उकाराची. ‘स’मधील अकाराला मात्र वेगळी खूण नसते. त्यामुळें साध्या शोधांत ‘म्हैस’ विचारलें कीं यंत्र म्हैसूरहि पुढें करतें. इंग्रजींत ही रीत चालते, कारण तेथें प्रत्येक अक्षर सुटें असतें; ‘एज्युकेशन’च्या इंग्रजी लिखाणांत ‘कॅट’चीं तीन अक्षरें ओळीनें येतात आणि कोणाचा आक्षेप नसतो. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण त्याच भाषेंत झालें, तिचा त्याला द्वेष नाहीं. पण परक्या लिपीचा नियम आपल्या अक्षरावर लादला कीं काना, वेलांटी आणि उकार हे दागिन्यांसारखे काढतां-घालतां येतात अशी मुलांची समजूत होते. ज्या मुलांना आपण वर्षभर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद शिकवितों, त्यांनाच उत्सवांत मात्रा टाकून देण्याबद्दल बक्षीस देतों!

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. आपण बोलतांना म्हैस या शब्दाच्या शेवटचा अकार उच्चारीतच नाहीं. मग कानाला म्हैसूरांत म्हैस ऐकूं येते, हें खोटें कसें म्हणावें? खोटें नाहीं. पण मग खेळ कानाचा आहे असें आधीं सांगावें, तो तोंडी खेळावा आणि गालिचाबरोबर दातारहि खुशाल स्वीकारावा. छापील कागदावर डोळ्यांचा खेळ मांडून उत्तरें कानाचीं द्यावयाचीं, हें बुद्धिबळांत हत्ती तिरपा चालविण्यासारखें आहे.

उलट कान आणि डोळा यांची ही तफावत जाणणारा खेळाला रंगत आणूं शकतो. सामान म्हटलें कीं मान कानालाहि ऐकूं येते. तें कोडें सोपें. मानव या शब्दाचा उच्चार मात्र आपण मा-नव असा करतों, गायकाचा गा-यक असा करतों. तेथें मान आणि गाय कागदावर धडधडीत दिसत असून कानाला पत्ता लागत नाहीं. दडणें म्हणतात तें हें.

आणखी एक पथ्य आहे. दडलेला शब्द त्या घरचा नसावा. नाकतोड्यांतील नाक आणि पोटगींतील पोट हीं दडलेलीं नाहींत. तीं घरधन्यासारखीं दारांत बसलीं आहेत. दुकान हा शब्द फारशींतून आला, त्याचा आपल्या कानाशीं संबंध नाहीं. मानव मनूपासून झाला, मानेपासून नव्हे. म्हणून तीं कोडीं खरीं. गंमत अशी कीं म्हैसूर या नांवाचें मूळ महिष या शब्दांतच सांगतात. म्हणजे व्युत्पत्तीनें पाहिलें तर म्हैस तेथें उघड नांदते आहे, आणि अक्षरांनीं पाहिलें तर ती तेथें नाहींच. कोडें म्हणून तो शब्द दोन्हींकडून वाया गेला.

त्या मुलीचे तीनहि गुण प्रस्तुत लेखकानें परत दिले, आणि त्यामुळें पहिलें बक्षीस दुसऱ्या घरून तिच्या घरीं गेलें. त्याबद्दल वसाहतींत थोडी कुरकुर झाली, अजूनहि होते. ती ऐकून घेण्याची तयारी आहे. पुढील वर्षीं कागद तयार करणारांनीं यंत्राची यादी जशीच्या तशी छापूं नये. प्रत्येक शब्द चौकोनांत लिहून पाहावा, आणि एकहि चौकोन न फाडतां आंतला प्राणी सबंध बाहेर आला तरच तो मुलांपुढें ठेवावा.