‘गाइड करा ना सर’ला उत्तर का येत नाही?

आपल्या बॅचमधल्या एका मुलाने टॉवेलच्या धंद्यातल्या एका जुन्या एक्सपोर्टरना मेसेज टाकला: “हाय सर, टॉवेल लाइनमध्ये यायचंय, थोडं गाइड करा ना. फ्री असाल तर कॉल करा.” ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही.

त्याला वाटलं, ‘हाय’ खटकलं. माझ्या मते ‘आदरणीय’ लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. मेसेजमध्ये प्रश्नच नाहीये. काय विचारायचंय ते सरांनीच शोधायचं, आणि वर फोनही त्यांनीच करायचा!

दुकानात बसून आम्ही तो असा बदलला:

“नमस्कार सर. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दोन वर्षं पॅकिंग-डिस्पॅच बघतोय. हॉटेलांना टॉवेल पुरवायचा स्वतःचा धंदा करायचाय. हाताशी दीड लाख आहेत, पण हॉटेलचे पैसे उशिरा येतात असं ऐकलंय. आत्ता सुरू करू, की आधी मर्चंडायझिंगची नोकरी करून ग्राहक सांभाळायला शिकू? सवडीने दोन ओळी किंवा व्हॉइस नोट चालेल.”

ओळख पहिल्याच वाक्यात आहे, कारण नोटिफिकेशनमध्ये साधारण तेवढंच दिसतं. दीड लाख लिहायला तो लाजत होता. पण आकड्याशिवाय सल्ला देणार कसा?

तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली: “नोकरी सोडू नको. आधी एकच हॉटेल धर, पैसे किती दिवसांनी येतात ते बघ.”

उत्तर आलंच नसतं तर? आठवड्याने एकदा आठवण करायची, मग थांबायचं. रोज सकाळी फुलांचं ‘गुड मॉर्निंग’ मात्र नको, त्यानेच नंबर म्यूट होतो.