दीड किलो भाजी

कल्याण सोडले की कसाऱ्याच्या दिशेने पहिले स्टेशन शहाड. स्टेशनबाहेर चाचांची वडापावची गाडी लागते. शाळेतून परतताना आम्ही तिथे थांबतो, म्हणून गेल्या जुलैतला तो दिवस आम्ही डोळ्यांनी पाहिला.

चाचा पहाटे 5 किलो बटाटे उकडतात. त्यांत ऐंशी-नव्वद वडे होतात. सालं काढून बटाटे परातीत पसरायचे, वाफ पूर्ण गेली की कुस्करायचे, मग आले, लसूण, मिरची, हळदीची फोडणी. गरम भाजी झाकली तर झाकणाचे पाणी आत टपकते आणि पावसाळी दमट हवेत ती दुपारपर्यंत आंबते.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. गाड्या उशिरा, गिऱ्हाईक तुरळक. पहिल्या पाळीचे कामगार आले, चटणीशिवाय वडा मागणारी नर्सबाई आली. पण रोजची गर्दी नव्हती. दुपारी दीड किलो भाजी उरली.

पाचच्या सुमारास लोकल थांबल्या. टिटवाळा, आसनगावला जाणारी भुकेली माणसे छत्र्या सावरत गाडीभोवती जमली. चाचांनी भाजीचा गोळा हातात घेतला आणि थबकले. तो बोटांना चिकटत होता, कडेला पाणी सुटले होते, लसणाच्या वासाखाली किंचित आंबट वास होता.

"तळल्यावर काही कळणार नाही, अब्बा," मुलगा हळूच म्हणाला.

खरेच कळले नसते. गरम तेल आणि लसणीची चटणी आंबटपणा झाकतात. पण वड्याच्या आत तेलाइतकी उष्णता पोहोचत नाही, आणि काही जंतूंनी आधीच सोडलेले विष तळूनही जात नाही. खाणारा रात्री उलट्या करतो, आणि दोष पावसाच्या पाण्याला देतो.

पंधरा रुपयांच्या हिशेबाने चारशे रुपयांचा माल होता. चाचांनी भाजी कचऱ्याच्या डब्यात ओतली. बटाटे संपले होते. कांदे आणि बेसन होते. त्यांनी कांदे उभे चिरले, मीठ चोळून पाणी सुटू दिले, त्यातच मावेल तेवढे बेसन घातले. वरून पाण्याचा थेंब नाही, म्हणून भजी कुरकुरीत झाली.

"आज वडा नाही?" दुसऱ्या पाळीला निघालेल्या जुन्या गिऱ्हाइकाने नाराजीने विचारले.

"आज भजी खा, भाई," एवढेच चाचा बोलले. कारण त्यांनी सांगितले नाही. दोघे-तिघे न घेताच गेले.

आम्ही नंतर विचारले, तेव्हा म्हणाले, "मास्तर, ही माणसं न बघता तोंडात घालतात. त्यांच्या वतीनं बघायचं काम माझं."

आता पावसाळ्यात चाचा सकाळी अडीच किलोचीच भाजी करतात. उरलेले बटाटे दुपारी, आभाळ पाहून उकडतात.