घर सासऱ्यांचे, राहण्याचा हक्क सुनेचा

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव आम्ही देत नाही. तिचे शौहर चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले. पदरात दोन मुले, थोरला आठ वर्षांचा, धाकटा पाच. लग्नापासून दहा वर्षे ती सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधले, कागदही त्यांच्याच नावावर. आता इद्दत संपत आली आणि दिराने सांगितले, "भाभी, इद्दत झाली की अब्बांकडे माहेरी जा. या घरात तुमचा हिस्सा नाही, शरीयतच तसे सांगते." भगिनी विचारते: हे खरे का? आणि कोर्टात गेले तर गुनाह होईल का?

दिराचे अर्धे म्हणणे खरे आहे, म्हणूनच ते घातक ठरते. सून ही सासऱ्यांची वारीस नाही. मुलगा बापाच्या आधी गेला, तर बापाच्या मालमत्तेत त्याचा वाटा तयारच होत नाही, कारण विरासत मृत्यूनंतर सुरू होते आणि सासरे तर हयात आहेत. उद्या ते गेले, तरी दुसरा मुलगा असताना या दोन नातवंडांना वारसाहक्काने काही मिळत नाही. वरचा मजला बांधताना मरहूमने पैसे घातले होते, असे भगिनीने लिहिले आहे. पण बापाच्या जागेवर बापाच्या नावाने झालेल्या बांधकामावर तेवढ्याने मालकी सांगणे फार कठीण.

पण हिस्सा नाही, याचा अर्थ राहण्याचा हक्क नाही असा होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि घरोघरी ते एकच समजले जातात.

राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मधून येतो. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. नाव ऐकून लोकांना वाटते की मारहाण झाली तरच तो चालतो. तसे नाही. जिथे स्त्री नात्याने नांदली त्या घरात तिला राहू न देणे, हाच या कायद्याच्या भाषेत आर्थिक छळ आहे. घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न इथे निर्णायक नाही. पूर्वी, २००६ च्या एका निकालामुळे, सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क नाही असे मानले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो निकाल चुकीचा ठरवला. मग १२ मे २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या एका विधवेच्या प्रकरणात न्यायालयाने पुढचेही स्पष्ट केले: पती वारला म्हणून हा हक्क संपत नाही, आणि अर्ज करताना ती प्रत्यक्ष त्या घरात राहत नसली तरी तो मागता येतो.

आता दुसरा प्रश्न, गुनाहचा. पवित्र कुरआनमध्ये सूरह बकराच्या आयत २३४ मध्ये विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस सांगितली आहे. फुरैआ बिन्ते मालिक (रजि.) यांची हदीस अनेकांनी ऐकली असेल. शौहर मारला गेला. त्याने स्वतःच्या मालकीचे घर मागे ठेवले नव्हते, म्हणून त्यांनी माहेरी जाण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) आधी होकार दिला, मग परत बोलावून मुदत पूर्ण होईपर्यंत त्याच घरात राहायला सांगितले. घर शौहरच्या मालकीचे नसतानाही विधवेला तिथे ठेवल्याचे हे उदाहरण आहे. ते इद्दतीपुरतेच आहे, हे आम्ही मान्य करतो. पण इद्दत हे विधवेवरचे बंधन आहे. ते संपल्या दिवशी तिला बाहेर काढावे असा हुकूम त्यातून निघत नाही. देशाच्या कायद्याने दिलेला निवारा मागण्यात ती कोणाचा हिस्सा खात नाही. घर सासऱ्यांचेच राहते.

म्हणून या भगिनीला आमचे पहिले सांगणे: कोणत्याही कागदावर सही करू नका. 'स्वखुशीने घर सोडत आहे' असा स्टॅम्प पेपर अशा वेळी हमखास पुढे येतो, आणि शोकात असलेली बाई सही करून टाकते. रेशनकार्ड, आधार, मुलांच्या शाळेतला पत्ता, गॅसचे पुस्तक, यांच्या प्रती माहेरी ठेवा. दहा वर्षे तिथे राहत होता हे त्यांवरून दिसते. काढण्याचा प्रयत्न झालाच, तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करता येतो. त्यात राहण्याचा आदेश मागा आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेशही मागा. खटले लांबतात, तेव्हा अंतरिम आदेशच खरा आधार असतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

हा हक्क अमर्याद नाही, हेही सांगायला हवे. २०२० च्या त्याच निकालात वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार करायला सांगितले आहे. एकत्र राहणे अशक्य झाले असेल, तर न्यायालय त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा आदेश करू शकते. उलट, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून सुनेला झटपट बाहेर काढण्याचा मार्गही काही जण सुचवतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुनेचा राहण्याचा हक्क बुडवण्यासाठी तो कायदा वापरता येणार नाही.

पत्रात मरहूमच्या स्वतःच्या पैशांबद्दल एक ओळ आहे: बँकेत २,९१,००० रुपये, आणि दीर म्हणतो ते 'घरचे' आहेत. नाहीत. मरहूमवर इतर कर्ज नाही, दफनविधीचा खर्च झालेला आहे, असे धरू. ५१,००० रुपये महर दिलेला नाही. ते कर्ज आहे, ते वाटपाआधी फेडायचे. उरले २,४०,०००. मुले असल्याने विधवेचा आठवा हिस्सा, म्हणजे ३०,०००. आईला आणि बापाला प्रत्येकी सहावा, म्हणजे ४०,०००. राहिलेले १,३०,००० दोन मुलांचे, ६५,००० एकेकाचे. भावाला यातून एक पैसाही नाही. विरासतीचा दाखला देणाऱ्या दिराला हा हिशेबही दाखवावा.

आणि थोडे सासऱ्यांशी. पत्रात त्यांच्याविषयी कडवट शब्द नाही. ते नमाजेनंतर नातवाला मांडीवर घेऊन बसतात, असे लिहिले आहे. अब्बाजान, तुमची नातवंडे वारीस नाहीत म्हणूनच त्यांच्यासाठी वसीयत करता येते. एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत ती चालते, आणि त्याला इतर वारसांची संमती लागत नाही. घरासह सारे मिळून ३० लाखांचे असेल, तर १० लाखांपर्यंत. वरच्या दोन खोल्या त्यात बसत असतील, तर तसे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि उपनिबंधक कार्यालयात नोंदवा. हयातीतच द्यायचे असेल तर हिबा करता येतो, पण त्यात ताबाही द्यावा लागतो. नुसते तोंडाने 'तुमचे' म्हणून कुलपाची चावी स्वतःकडे ठेवली, तर तो हिबा पुरा होत नाही.