सत्तर रुपये वारले

उसने दिलेले पैसे परत येण्याची आशा मावळली की मराठी घरांत कोणीतरी हमखास म्हणते, ‘सत्तर रुपये वारले!’ रक्कम पाचशे असो वा पाच हजार, वाक्यात सत्तरच राहतात. सारे हसतात, मात्र गुजराती माहेरातून आलेली सून किंवा हिंदी भाषक पाहुणा गोंधळून विचारतो, ‘कोण वारले?’ या प्रश्नावरूनच ओळखावे की संदर्भ पोहोचलेला नाही.

हे वाक्य सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) या चित्रपटातले. धनंजय माने (अशोक सराफ) या भाडेकरूने घरमालक विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) यांच्याकडून मधुमेहाचे औषध इस्तंबूलहून मागवण्यासाठी सत्तर रुपये घेतलेले असतात. पुढे औषधाची चौकशी होते, तेव्हा तिथला मित्र वारल्याचे कळते आणि त्याच्यापाठोपाठ ते सत्तर रुपयेही!

यातील विनोद एका क्रियापदावर उभा आहे. मराठीत पैसे ‘बुडतात’. ‘वारतात’ ती माणसे, आणि हा शब्दही आदराने, हळू आवाजात उच्चारला जातो. म्हणून हिंदीत ‘सत्तर रुपये डूब गये’ असे सांगितले तर अर्थ नेमका पोहोचतो, पण हसू येत नाही, कारण पैशाबाबत तोच रोजचा वाक्प्रचार आहे. ‘मर गये’ म्हटल्यास मृत्यू राहतो, अदब जाते. ‘सत्तर रुपये गुजर गये’ म्हटले की दोन्ही साधते. गुजरातीतही ‘सित्तेर रूपिया गुजरी गया’ हेच चपखल बसते. तात्पर्य, शब्दाचा अर्थ नव्हे, तर त्या शब्दाचा मान दुसऱ्या भाषेत शोधावा लागतो.

याच चित्रपटातील ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ या वाक्याची गोष्ट उलट आहे. दारावर थाप देत मित्र ते उच्चारतात, तेव्हा ओळखीचे लोक आतूनच हसतात. त्याचे भाषांतर शब्दशः अचूक होते, तरीही हाती उरतो तो केवळ पत्त्याचा प्रश्न. त्यातील गंमत प्रसंगात आहे, शब्दांत नाही. अशा वेळी भाषांतराचा खटाटोप न करता ‘हे एका चित्रपटातले वाक्य आहे, माने यांच्या शोधात आलेला माणूस दारात असेच विचारतो’ एवढे सांगणे पुरे.

स्पष्टीकरण एका वाक्याहून लांबले की हसण्याची वेळ निघून जाते. शक्य असेल तर ते संवादाच्या आधीच द्यावे. ‘एका चित्रपटात औषध आणणारा मित्र वारतो आणि त्याच्याबरोबर पैसेही, तसे आमचे झाले,’ असे म्हटले की सुनेला वेगळे काही विचारावे लागत नाही आणि ती सर्वांबरोबरच हसते. ज्या घरात नुकतेच कोणी खरोखर वारले आहे, तिथे मात्र हे सत्तर रुपये मनातच ठेवावेत.