गोखल्यांचे विधेयक आणि ‘पैसा कुठून आणायचा?’

१/ नागरिकशास्त्रात कल्याणकारी राज्याचा प्रश्न आला की उत्तर दोन रकान्यांत लिहिले जाते: बाजूचे मुद्दे आणि विरोधाचे मुद्दे. हे दोन्ही रकाने शतकापूर्वी एका विधेयकावरच्या चर्चेत भरले गेले होते.

२/ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याचा आराखडा सावध होता. जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शाळा सक्तीची करता येणार होती. सुरुवात मुलग्यांपासून होती. गरीब पालकांना फी माफ होती.

३/ बाजूचा मुख्य मुद्दा अनुभवाचा होता. केवळ स्वेच्छेवर सोडलेले शिक्षण गरिबांच्या घरापर्यंत पोहोचत नाही. इंग्लंडनेही सक्तीचा मार्ग धरला होता आणि बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली ती संस्थानभर लागू केली होती.

४/ विरोधही पोकळ नव्हता. खर्च कोण सोसणार? नव्या कराचा भार कोणावर पडणार? गुरे राखणारे पोर शाळेत गेले तर शेतकऱ्याने काय करावे? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विधेयकातच होते. मैलभराच्या आत शाळा नसेल, किंवा शेतीच्या हंगामाची निकड असेल, तर पालकाला सूट मिळत होती.

५/ तरीही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. गंमत अशी की ज्या ब्रिटनचे हे सरकार होते, त्याच्या संसदेने काही महिन्यांपूर्वीच, १९११ साली, कामगारांसाठी आरोग्य विम्याचा कायदा केला होता.

६/ म्हणून ‘पैसा नाही’ हे उत्तर तपासून घ्यावे लागते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘या कामासाठी नाही’ असा असतो. कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

७/ मात्र विरोधकांचा एक मुद्दा टिकतो. शाळा आणि शिक्षक न देता केलेली सक्ती म्हणजे गरिबालाच शिक्षा होय. राज्याने आधी आपले कर्तव्य करावे, मगच पालकाला जाब विचारावा.

८/ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले ते २००२ साली, ८६व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे त्या मतदानानंतर ९० वर्षांनी. सार्वजनिक आरोग्य मात्र घटनेच्या मजकुरात अजूनही मार्गदर्शक तत्त्वांतच, कलम ४७ मध्ये आहे. तेथे ‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न विचारला गेला की १९१२ ची ती ३८ मते आठवावीत.