तीन नंबर, फरीदाबाद

फेब्रुवारीत सूरजकुंड मेळ्याला निघालेल्या मराठी कुटुंबाला फरीदाबादच्या छोट्या गेस्टहाऊसने बुकिंगचा मेल पाठवायचा, तर ‘आपले सहर्ष स्वागत’ एका ओळीत उरकून आधी पत्ता नीट सांगावा. इथे नुसतं ‘तीन नंबर’ म्हटलं की घोळ झालाच! एनआयटी तीन रेल्वेरुळांच्या पश्चिमेला, तर सेक्टर तीन पार बल्लभगढकडे. म्हणून लिहावं : ‘निजामुद्दीनला उतरलात की मेट्रोची पिंक लाइन घ्या, लाजपतनगरला व्हायोलेट लाइन पकडा आणि बाटा चौकाला उतरा. रिक्षावाल्याला “सेक्टर” नको, “एनआयटी तीन” सांगा.’ मुंबईची गाडी सकाळीच पोचते, खोली मात्र दुपारी २ ला मिळते. तेव्हा ‘सामान ठेवा, हातपाय धुवा, चहा तयार असेल’ हे आपुलकीचं वाक्य इथे शोभतं. रद्द करण्याच्या अटीत मात्र गोडवा नको, तारीख हवी. ‘४८ तास आधी’ म्हणजे नेमकं कधीपासून मोजायचं? त्यापेक्षा ८ तारखेच्या बुकिंगला सरळ लिहावं : ‘६ फेब्रुवारी, दुपारी २ पर्यंत कळवल्यास पूर्ण पैसे परत, त्यानंतर एका रात्रीचं भाडं कापू. गाडीला धुक्यामुळे उशीर झाला तर फोन करा, खोली राखून ठेवू.’